तारेवरचा कोतवाल, फांदीवरचा कोतवाल: निसर्गचित्रात पक्षी बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोकळं माळरान, वर आभाळ, आडवी गेलेली एक तार, आणि तार रिकामी. अशा फोटोत एखादा पक्षी हवा होता, असं बहुतेकांना वाटतंच. तो नंतर बसवताना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणाला शेवटपर्यंत एकच पक्षी ठेवला आहे, कोतवाल. तो गावोगाव तारेवर दिसतो, त्याचे पाय उघडे असतात आणि अंग काळं असल्यामुळे चूक झाली की लगेच कळते.

पक्षी आधी कापून घ्यायचा की आधी त्याचा आकार ठरवायचा?

आकार आधी. पायांवर किती मेहनत घ्यायची हे आकारावरच ठरतं. आम्ही उलट करायचो. पक्षी सुबक कापून घ्यायचा, मग डोळ्यांना बरा दिसेल एवढा मोठा करून तारेवर ठेवायचा. असाच एक वेडा राघू मी हौसेनं तारेवर बसवला होता. गावातल्या एका वायरमननं फोटो पाहिला आणि विचारलं, "ही घार कुठली धरून आणली?" त्यांची नजर पक्ष्यावर नव्हतीच. ती खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर होती आणि माझा राघू त्याच्या दुप्पट मोठा होता.

मग खरा आकार काढायचा कसा?

अंतर माहीत असेल तर सरळ हिशोब आहे:

```
पिक्सेल = पक्ष्याची लांबी × फोकल लेंथ ÷ (अंतर × एका पिक्सेलची रुंदी)
```

सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची. पिक्सेलची रुंदी म्हणजे सेन्सरची रुंदी भागिले फोटोची पिक्सेलमधली रुंदी. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल ०.००६ मिमी.

पण निसर्गचित्र काढताना तारेचं अंतर कोण मोजून ठेवतं? अशा वेळी तारेशेजारचा खांब कामाला येतो. गावातल्या लाइनीला बहुतेक ८ किंवा ९ मीटरचे सिमेंटचे खांब असतात. ८ मीटरच्या खांबाचा साधारण दीड मीटर भाग जमिनीत जातो, म्हणजे वर साडेसहा मीटर उरतो. भिगवणजवळ उजनीच्या काठानं जाणाऱ्या रस्त्यावरचा माझा एक फोटो आहे, ३५ मिमी लेन्सनं काढलेला. त्यात खांब जमिनीपासून टोकापर्यंत १९०० पिक्सेल भरतो. १९०० भागिले ६.५ म्हणजे एका मीटरला सुमारे २९२ पिक्सेल. कोतवाल चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत २८ सेंमी, म्हणजे ६००० पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम ८२ पिक्सेल होतो.

हा आकडा पहिल्यांदा पाहिला की विश्वास बसत नाही. एवढासा? हो, एवढासाच. वरचं सूत्र उलटं लावलं तर तो खांब २० मीटरवर येतो. वीस मीटरवरचा कोतवाल नुसत्या डोळ्यांनाही तेवढाच दिसतो. आपल्याला तो मोठा आठवतो, कारण आपण त्याच्याकडे टक लावून पाहत असतो.

एक पथ्य पाळा. मोजलेला खांब आणि पक्ष्याची जागा एकाच अंतरावर हवी. तार लांबच्या खांबाकडे जात असेल तर तिच्यावर पुढेपुढे तोच पक्षी लहान होत जातो. म्हणून मोजलेल्या खांबाच्या हात-दोन हात अंतरातच पक्षी बसवा.

खांब फोटोत नाही, नुसती फांदी आहे. आता?

फांदीच्याच अंतरावरची, ठराविक मापाची वस्तू शोधा. आंब्याची फांदी असेल तर वाढलेलं पान आहेच, साधारण विताएवढं. कोतवाल त्याहून थोडा लांब आणि चिमणी त्याहून लहान. गाय, माणूस, मैलाचा दगड, काहीही चालतं, पण फांदी ज्या अंतरावर आहे त्याच अंतरावरचं हवं. मागच्या बांधावरची गाय घेऊन पुढच्या फांदीवरचा पक्षी मोजला की हिशोब फसला.

बाभळीचे काटे मोजपट्टी म्हणून घेऊ नका. एकाच झाडावर बोटाच्या पेराएवढेही असतात आणि बोटाएवढेही.

पुस्तकात कोतवाल २८ सेंमी दिलाय. बसलेला पक्षी तेवढा उंच करायचा का?

नाही, ही चूक फार होते. पुस्तकातली लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पक्षी सरळ आडवा ठेवून मोजलेली असते. बसलेल्या पक्ष्याची चोच समोर आणि शेपटी खाली असते. तेव्हा मूळ फोटोत मोडत्या रेषेनं मोजा. चोचीच्या टोकापासून डोक्याच्या मागे, तिथून पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत. ही सगळी बेरीज म्हणजे २८ सेंमी. कोतवालाच्या बाबतीत त्यातली जवळपास निम्मी लांबी दुभंगलेल्या शेपटीचीच असते. त्यामुळे माझ्या भिगवणच्या फोटोत तारेच्या वर दिसणारा पक्षी चाळीसेक पिक्सेलचाच भरतो, बाकीची शेपटी तारेखाली लोंबते.

पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच आपल्याच दिशेला येते आणि मोजमाप आखूड निघतं. तेव्हा लांबीवर विसंबू नका, पुढचा उपाय बघा.

आकार बरोबर आलाय हे पडताळायची सोपी युक्ती आहे का?

आहे, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते. मूळ पक्षीही तशाच विजेच्या तारेवर बसलेला घ्यायचा. ४०० मिमी लेन्सनं काढलेल्या माझ्या मूळ फोटोत कोतवाल मोडत्या रेषेनं साधारण ७५० पिक्सेल होता आणि त्याच्याखालची तार २१ पिक्सेल जाड होती. ७५० चे ८२ करायचे म्हणजे ११ टक्के. २१ चे ११ टक्के म्हणजे दोन पिक्सेलहून किंचित जास्त. माझ्या निसर्गचित्रातली तार मोजली तर तीही तेवढीच निघाली. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की निर्धास्त व्हायचं.

मात्र दोन्हीकडची तार एकाच जातीची हवी. विजेच्या तारा साधारण सहा मिलिमीटरपासून चौदा मिलिमीटरपर्यंत जाड असतात. एकीकडे गावातली लाइन आणि दुसरीकडे मोठी लाइन घेतली तर पक्षी दुप्पट किंवा निम्मा होऊन बसेल. आणि निसर्गचित्रातली तार दोन-तीन पिक्सेलचीच असेल तर नुसत्या तिच्यावरून आकार काढू नका. मोजताना एका पिक्सेलची चूक झाली तरी आकार तिसऱ्या हिश्शानं बदलतो. तार पडताळ्यासाठी ठेवा, मुख्य माप खांबाचंच घ्या.

८२ पिक्सेलच्या पक्ष्याला पाय दिसतात तरी का?

खरं सांगायचं तर नाही. पंजा दोन सेंमीच्या आसपास धरला तर इथे तो पाच-सहा पिक्सेलचा काळपट ठिपका होतो. या आकारात बोटं रेखाटत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. तारेशी पक्ष्याचा संबंध कसा आहे, हे मात्र या आकारातही स्पष्ट दिसतं आणि लोक तिथेच चुकतात.

पक्ष्याची बोटं तारेभोवती वळलेली असतात, म्हणून तो तारेला आडवा बसतो. तार डावीकडून उजवीकडे जात असेल तर पक्ष्याचं तोंड आपल्याकडे असतं नाहीतर पाठ आपल्याकडे असते. थोडा तिरका असू शकतो, मान तर कुठेही वळवतो. पण आडव्या तारेवर, तारेच्याच दिशेनं चोच करून, पूर्ण बाजूनं दिसणारा पक्षी खोटा वाटतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. बाजूनं दिसणारा पक्षी वापरायचाच असेल तर कॅमेऱ्याकडे धावत येणारी किंवा कॅमेऱ्यापासून दूर जाणारी तार निवडा.

दुसरी गोष्ट शेपटीची. पक्ष्याचं तोंड आपल्याकडे असेल तर शेपटी तारेच्या मागून खाली येते, म्हणून तार शेपटीच्या पुढे दिसायला हवी. पाठ आपल्याकडे असेल तर शेपटी तारेच्या पुढे येते आणि तेवढी तार झाकली जाते. मला विचाराल तर लहान आकारात पाठमोरा, किंचित तिरका पक्षीच घ्या. पाय पूर्ण झाकले जातात, शेपटीचा दुभंग छान दिसतो आणि अर्धं काम आपोआप होतं.

फांदी जवळ आहे. तिथे पाय कसे बसवायचे?

इथे खरी मेहनत आहे. त्याच ३५ मिमी लेन्सनं काढलेल्या दुसऱ्या फोटोत फांदी ४ मीटरवर होती. सूत्रानं कोतवाल ४०८ पिक्सेल आणि पंजा तीसेक पिक्सेल निघाला. एवढ्यात नखंही दिसतात. कोतवाल गुरांच्या पाठीवरही बसतो, त्यामुळे तो ४ मीटरवर बसलेला दाखवणं अगदीच अशक्य वाटत नाही. हाच हिशोब नीलपंखाला लावायला मी धजावणार नाही.

कोतवालाची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. तोंड आपल्याकडे असेल तर पुढची तीन बोटं फांदीवरून आपल्या बाजूला वळलेली दिसतात, नखं खाली रोखलेली, आणि मागचं बोट फांदीपलीकडे लपतं. पाठमोरा असेल तर उलट. एकच मागचं बोट दिसतं, तेही बहुधा शेपटीच्या मुळाशी झाकलेलं. थोडक्यात, काही बोटं फांदीच्या पुढे आणि काही मागे हवीत. सगळा पक्षी फांदीवर नुसता ठेवला की तो चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो, त्याचं कारण हेच.

Photoshop असो की GIMP, मी लेअर असे लावतो. खाली निसर्गचित्र, वर पक्षी. त्याच्याही वर फांदीच्या त्या तुकड्याची नक्कल, तिला मास्क, आणि मास्क पूर्ण काळा. मग मऊ नसलेल्या, दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशनं मास्कवर पांढरं रंगवत जायचं, आणि तेही फक्त फांदीनं पक्ष्याला झाकायचं आहे तिथेच. मागच्या बोटावर, फांदीपलीकडे गेलेल्या शेपटीवर, खालून डोकावणाऱ्या नखाच्या टोकावर. पोटाची पिसं फांदीवर टेकून थोडी सांडलेली असतात, तिथे फांदी पुढे आणू नका. तेवढा भाग पक्ष्याचाच राहू द्या.

नंतर सावली. बोटांखाली आणि पोटाखाली एक नवा लेअर घेऊन त्याचा मोड `Multiply` ठेवा. फांदीचाच गडद रंग उचलून बोटाच्या कडेला लागून बारीक रेघ द्या. बोट आणि साल यांच्यात जी काळी फट दिसते, तिच्यामुळेच वजन पडल्यासारखं वाटतं. काळा रंग वापरू नका. सावलीत सालीचा रंग असतो.

मूळ पक्षी जाड फांदीवर होता, माझी फांदी बारीक आहे. बोटं उघडी पडतात.

ही अडचण सॉफ्टवेअरनं नीट सुटत नाही. जाड फांदीवर बोटं पसरतात, बारीक काडीवर ती पूर्ण वळून मागच्या बोटाला भिडतात. पसरलेला पंजा बारीक काडीवर ठेवला तर बोटांची टोकं हवेत राहतात. `Puppet Warp` नं किंवा GIMP मधल्या `Warp Transform` नं दहाएक पिक्सेल वळवून घेता येतात, पण त्यापुढे बोटाला रबरासारखा ताण दिसू लागतो.

मी दोनच मार्ग वापरतो. एक म्हणजे जवळपास तेवढ्याच जाडीच्या बैठकीवरचा दुसरा फोटो शोधणं. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा आहे. पक्षी कापताना पायाखालची त्याची स्वतःची फांदी दोन्ही बाजूंना थोडी ठेवूनच कापायची. बोटं आणि साल यांचा खरा स्पर्श तसाच राहतो. मग जोडायची ती फक्त फांदी. मूळ फांदीचा रंग नव्या फांदीशी जुळवा आणि सांधा एखाद्या गाठीवर, फाट्यावर किंवा पानाआड घ्या. साल सालीला जोडणं हे पंजा सालीवर बसवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

फांदी तिरकी आहे. पक्षीही तेवढाच तिरका फिरवू का?

अजिबात नाही. फांदी तिरकी असली तरी पक्षी स्वतःला सावरून बसतो. एक पाय खाली जातो, एक वर राहतो आणि अंग तोल धरतं. कसोटी गवंड्याच्या ओळंब्याची. पक्ष्याच्या अंगाच्या मध्यावरून सरळ खाली रेघ सोडा, शेपटी धरू नका. ती पायांवर किंवा दोन पायांच्या मध्ये पडली पाहिजे. बाहेर पडली तर तो पक्षी पडतोय, बसलेला नाही. वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त तिरकी फांदी असेल तर तिरक्या फांदीवरचाच मूळ फोटो घ्या.

आणि वाकण्याबद्दल, कारण तेही विचारतात: विजेची ताणलेली तार कोतवालाच्या वजनानं वाकत नाही. बाजरीचं कणीस किंवा गवताची काडी मुनियाच्या वजनानंही वाकते. तिथे काडीला थोडा बाक दिला नाही तर पक्षी कागदाचा वाटतो.

माप बरोबर, पाय बरोबर, तरी काहीतरी चुकतंय.

बहुधा कोन चुकलाय. तार सहा मीटर उंचीवर असते आणि कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. २० मीटरवरून आपण ती सुमारे १३ अंश वर मान करून पाहतो, म्हणजे पक्ष्याचं पोट थोडं खालून दिसायला हवं. तार १० मीटरवरच असेल तर हा कोन २४ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक चांगले पक्षी-छायाचित्रकार पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडवून फोटो काढतात. तो सुंदर फोटो वरच्या तारेवर बसवला की पक्षी गच्चीवरून पाहिल्यासारखा दिसतो. तुमचा मूळ फोटो किती अंतरावरून आणि कुठल्या उंचीवरून काढला होता, ते आठवा. माझा मूळ कोतवाल २५ मीटरवरून, तशाच तारेवरचा होता, कोन १० अंशांच्या जवळपास. म्हणून तो इथे बसला.

कोन बरोबर असेल तर उन्हाची दिशा पाहा. ऊन उलट्या बाजूला असेल तर पक्षी आरशातल्यासारखा उलटा करून घ्या, कोतवालात डावं-उजवं कळत नाही. पण दुपारच्या डोक्यावरच्या उन्हातला पक्षी सकाळच्या कोवळ्या उन्हात काही केल्या बसत नाही, तिथे हट्ट सोडावा.

पक्षी बाकीच्या चित्रापेक्षा जास्तच रेखीव दिसतो.

टेलिफोटोचा फोटो ११ टक्क्यांवर आणला की सगळा बारकावा दाटून येतो आणि पक्षी कोरल्यासारखा दिसतो. Photoshop मध्ये लहान करताना `Bicubic Sharper` टाळा. नंतर `Gaussian Blur` अर्धा ते पाऊण पिक्सेल द्या आणि शेजारच्या तारेच्या कडेशी २०० टक्के मोठं करून ताडून पाहा. तारेची कड जेवढी मऊ, तेवढीच पक्ष्याची कड. शेवटी आभाळात जेवढा दाणा आहे तेवढा `Add Noise` नं पक्ष्यावर घाला.

कोतवालाच्या काळेपणाचंही तसंच. तो शुद्ध काळा ठेवू नका. खांबाची सावलीतली बाजू किंवा इन्सुलेटरखालचा अंधार जेवढा काळा आहे, तेवढ्यावर आणा.

काळ्या पक्ष्याच्या कडेला पांढरी किनार राहते.

मूळ फोटोतल्या उजळ आभाळाचा रंग पिसांच्या कडेत मिसळलेला असतो. `Select and Mask` मधलं `Decontaminate Colors` थोडं काम करतं. पण नव्या फोटोतही मागे उजळ आभाळच असेल तर कापायचीच गरज नाही. मूळ तुकड्यातलं आभाळ `Levels` नं पूर्ण पांढरं करा आणि लेअरचा मोड `Multiply` ठेवा. पांढरं गायब होतं, पिसांच्या बारीक कडा जशाच्या तशा उतरतात. मागे डोंगर किंवा झाडी असेल तर ही युक्ती चालत नाही, पक्ष्यातून डोंगर दिसायला लागतो.

कुठलाही पक्षी तारेवर बसवला तर चालेल?

नाही, आणि इथे पक्षी ओळखणारे लोक लगेच पकडतात. पाकोळी तारेवर बसू शकत नाही, तिचे पाय भिंतीला नाहीतर कड्याला धरून लोंबकळण्यासाठी असतात. तारेवर ओळीनं बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. टिटवीचं मागचं बोट अगदी खुरटं, ती जमिनीवरची. पोपट तारेवर बसतो, पण त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे कोतवालाचे पाय त्याला उसने देता येत नाहीत. खंड्या आणि वेडा राघू यांची पुढची बोटं काही अंतर एकमेकांना जोडलेली असतात. राघूचे पाय इतके आखूड की पोटाच्या पिसांतच बुडतात. नव्यानं शिकणाऱ्याला म्हणूनच मी राघू सुचवतो, फक्त त्याची घार करू नये.

ऋतूही पाहा. माळभिंगरी हिवाळी पाहुणी आहे. ऐन आषाढातल्या हिरव्यागार भातखाचरावरच्या तारेवर ती दाखवली तर चित्र खोटं आहे हे पिक्सेल न मोजताही कळतं.

दुसऱ्याचा पक्षी वापरला तर?

परवाना वाचा. Creative Commons परवान्यात ND असेल तर बदल करून प्रसिद्ध करता येत नाही, NC असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, BY असेल तर श्रेय द्यायचं. काहीच लिहिलं नसेल तर आधी मालकाला विचारा.

असा फोटो स्पर्धेला किंवा पक्षीनोंदीसाठी पाठवू का?

वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये सहसा चित्रात काही घालायला किंवा काढायला मनाई असते आणि अनेक ठिकाणी मूळ RAW फाइल मागतात. eBird किंवा iNaturalist वर तर अजिबात टाकू नका. तिथे फोटो म्हणजे त्या जागी, त्या दिवशी पक्षी होता याचा पुरावा. भिंतीवर टांगायचा असेल, दिवाळीच्या भेटकार्डावर छापायचा असेल तर खुशाल करा. माझ्या भिगवणच्या चित्राखाली मी एवढंच लिहितो: "दोन फोटो जोडून, तार एकीकडची, कोतवाल दुसरीकडचा."